तारीख विकत घेताना : कार्यालयाचा करार कसा वाचावा

मालवण, कुडाळ, कणकवली या पट्ट्यात लग्नाचा हॉल बघायला गेलेली मंडळी आधी जागा बघतात. किती माणसं बसतील, गाड्या कुठे लागतील, वधूपक्षाची खोली कशी आहे, पंगत कुठे बसेल. हे सगळं बघायलाच हवं. पण कार्यालयाचा मालक विकतो ती मुख्यतः तारीख असते. हॉल वर्षभर तिथेच उभा असतो. भाड्याचा दर, आगाऊ रक्कम आणि रद्द केल्यावरची कपात ठरते ती त्या तारखेला किती मागणी आहे यावरून. करारातली बहुतेक कलमं या एका गोष्टीवरून उलगडतात, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

तारखेचा बाजार

तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात आणि आषाढात थांबतात. एवढ्या महिन्यांत मुहूर्त बरेच असले तरी मालवण किनाऱ्यावर मागणी एप्रिल-मेमध्येच गोळा होते. अर्धी भावकी मुंबई, ठाणे, डोंबिवलीला असते; पोरांच्या परीक्षा संपल्याशिवाय चाकरमानी गावाला येत नाहीत आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस दारात असतो. त्यातही कधी पंचांग आड येतं. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. अधिक महिन्यात लग्नं करत नाहीत, त्यामुळे त्या वर्षी उन्हाळ्यातली गर्दी एप्रिल आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात दाटते.

मेच्या पहिल्या आठवड्यातली मुहूर्ताची तारीख फेब्रुवारीत मोकळी झाली, तर मालकाला ती पुन्हा देता येण्याची शक्यता चांगली असते. तीच तारीख लग्नाच्या आठ दिवस आधी मोकळी झाली, तर ती वाया गेलीच समजायची. जानेवारीतला आडवार मात्र दोन महिने आधी सोडला तरी कदाचित कोणी घेणार नाही. म्हणजे तुम्ही माघार घेतल्यावर मालकाचं खरं नुकसान किती, हे दोन गोष्टींवर ठरतं : तारीख कोणती होती आणि तुम्ही किती आधी कळवलंत. जो करार या दोन्हींचा विचार न करता 'रक्कम परत मिळणार नाही' एवढंच म्हणतो, तो अपुरा आहे.

हेच माप बाकीच्यांनाही लावून बघा. फोटोग्राफर हॉलवाल्यासारखा तारीख विकतो, कारण एका दिवशी तो एकाच लग्नाला जाऊ शकतो. केटररचं तसं नाही. त्याचा खरा खर्च शेवटच्या आठवड्यात सुरू होतो : किराणा, आचाऱ्यांचा विसार, वाढपी, भांडी. मंडप-सजावटवाल्याचा मोठा खर्च म्हणजे ताजी फुलं, आणि ती एक-दोन दिवस आधी येतात. तिघांच्या कागदावर कपातीचं एकच कलम असेल, तर तिघांपैकी कोणाला तरी ते जास्त देतं आहे.

दिलेल्या पैशाचं नाव

बुकिंगला दिलेल्या पैशाला पावतीवर काय म्हटलं आहे ते बघा. इसार, आगाऊ रक्कम आणि डिपॉझिट हे तीन शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात, पण कायद्यात त्यांची वाट वेगळी आहे. इसार म्हणजे शब्द पाळण्याची हमी. देणाऱ्याने माघार घेतली तर तो बुडू शकतो, मात्र तो वाजवी असला पाहिजे. आगाऊ रक्कम म्हणजे एकूण किमतीचा आधी दिलेला हप्ता. डिपॉझिट म्हणजे मोडतोड, वीज, सफाई यांचा हिशेब होईपर्यंत ठेवलेले पैसे. ते हिशेबानंतर परत यायचे असतात.

या फरकाला आधार आहे तो भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ चा. करार मोडल्यास अमुक रक्कम द्यावी असं लिहिलेलं असलं, तरी नुकसान झालेल्या पक्षाला वाजवी भरपाईच मिळते आणि लिहिलेली रक्कम ही तिची वरची मर्यादा असते. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास या दिल्लीतल्या बंगल्याच्या व्यवहारात हे स्पष्ट केलं. घेणाऱ्याने १,००० रुपये इसार आणि पुढे २४,००० रुपये दिले होते. व्यवहार मोडल्यावर विकणाऱ्याला सगळे २५,००० हवे होते. न्यायालयाने इसाराचे १,००० ठेवू दिले, २४,००० जप्त करणं मान्य केलं नाही. तो व्यवहार घराचा होता, पण तत्त्व हॉलच्या पावतीलाही लागू पडतं. कागदावर सही आहे म्हणून कितीही मोठी रक्कम आपोआप बुडत नाही.

तरी यावर विसंबून कागद न वाचणं महाग पडतं. पैसा एकदा समोरच्याकडे गेला की तो परत मिळवण्याचं ओझं तुमच्यावर येतं. म्हणून पावतीवर दोन ओळी वेगळ्या लिहून घ्याव्यात : 'तारीख राखण्यासाठी इसार रु. १०,०००' आणि 'भाड्यापोटी आगाऊ रु. ४०,०००'. दोन्ही आकडे मिसळून '५०,००० ॲडव्हान्स, नॉन-रिफंडेबल' असा शिक्का मारला की पुढचा वाद तिथेच पेरला जातो.

पावती कोणाच्या नावाची आहे हेही बघायचं. अनेक कार्यालयं एखाद्या संस्थेच्या किंवा ट्रस्टच्या मालकीची असतात आणि चालवायला कंत्राटदाराकडे दिलेली असतात. करारावर संस्थेचं नाव, पैसे कंत्राटदाराच्या खात्यावर आणि सही व्यवस्थापकाची, असं असेल तर विचारा : तुमच्या तारखेला हे कंत्राट चालू असेल ना? कंत्राटाची मुदत ३१ मार्चला संपत असेल आणि लग्न मेमध्ये असेल, तर संस्थेकडूनही तारखेची लेखी खात्री घ्यावी. पैसे मोबाइलवरून पाठवताना शेऱ्यात तारीख आणि 'हॉल आगाऊ' असं लिहिलं, तर बँकेची नोंदच पुरावा होते.

एक नमुना, हिशेबासकट

नेहमीच्या कलमांवरून रचलेला एक नमुना घेऊ. डोंबिवलीचं एक कुटुंब नोव्हेंबरमध्ये मालवणजवळच्या कार्यालयात मेच्या पहिल्या आठवड्यातली तारीख घेतं. हॉलचं भाडं ९०,००० रुपये, जेवण ४०० ताटं, दर ३५०, म्हणजे १,४०,०००, सजावट ६०,०००. एकूण २,९०,०००. तिन्ही गोष्टी हॉलवालाच पुरवणार आहे. बुकिंगला एक लाख दिलेले आहेत. करारात एक कलम आहे : 'कोणत्याही कारणास्तव बुकिंग रद्द झाल्यास आगाऊ रक्कम परत मिळणार नाही. कार्यक्रमापूर्वी ३० दिवसांच्या आत रद्द केल्यास एकूण रकमेच्या ७५ टक्के रक्कम द्यावी लागेल.'

पहिली शक्यता : लग्नाच्या १०० दिवस आधी, म्हणजे जानेवारीच्या अखेरीस, कुटुंब रद्द कळवतं. कलमाप्रमाणे एक लाख गेले. मालकाचं नुकसान काय झालं? तांदळाचा दाणा घेतलेला नाही, फूल सांगितलेलं नाही. हातची तारीख आहे आणि ती मेची आहे. फेब्रुवारीत दुसऱ्या कुटुंबाने तीच तारीख ९०,००० ला घेतली, तर नुकसान उरतं ते लिखापढीचं आणि थोड्या धावपळीचं. मग एक लाखाचं समर्थन कठीण होतं.

दुसरी शक्यता : दहा दिवस आधी रद्द. आता तारीख गेली. भाड्याच्या ९०,००० मधून न लागलेली वीज, सफाई आणि माणसांची मजुरी असे १२,००० वाचले धरू. हॉलचं नुकसान ७८,०००. जेवणात नफा १५ टक्के धरला तर २१,०००, आचाऱ्यांना दिलेला विसार १०,०००. सजावटीत कारागिरांना दिलेले १०,०००. बेरीज १,१९,०००. कलम मात्र २,९०,००० चे ७५ टक्के, म्हणजे २,१७,५०० मागतं. फरक ९८,५०० रुपयांचा.

दुसऱ्या शक्यतेत मालकाचं नुकसान खरं आहे आणि ते भरून देणं न्यायाचं आहे, हे विसरू नये. आक्षेप आहे तो पूर्ण बिलावर टक्के लावण्याला. जेवणाच्या रकमेत अजून न घेतलेल्या किराण्याचे पैसे असतात. ते मालकाच्या खिशातून गेलेलेच नाहीत, तर त्यांची भरपाई कसली? म्हणून 'एकूण रकमेच्या' हे शब्द दिसले की थांबावं आणि हॉल, जेवण, सजावट यांच्या कपाती वेगळ्या मागाव्यात.

बोलणी करताना नुसतं 'हे जास्त आहे' म्हणण्यापेक्षा पर्यायी कलम लिहून नेलेलं बरं. आपल्या नमुन्यासाठी ते असं होईल : १२० दिवसांहून आधी कळवल्यास फक्त इसार जाईल. १२० ते ६० दिवसांत कळवल्यास इसार धरून हॉलभाड्याच्या २५ टक्के. ६० ते १५ दिवसांत ५० टक्के. १५ दिवसांच्या आत पूर्ण हॉलभाडं, जेवणाच्या रकमेच्या २० टक्के आणि सजावटीचा प्रत्यक्ष झालेला खर्च. आणि शेवटी सर्वांत महत्त्वाचं वाक्य : 'त्याच तारखेस दुसरे बुकिंग मिळाल्यास रु. ५,००० वजा करून हॉलभाड्यापोटी कापलेली रक्कम परत दिली जाईल.' या कलमाने १०० दिवसांच्या शक्यतेत कपात २२,५०० होते आणि तारीख पुन्हा गेली तर ५,००० वर येते. मालकाला यात तोटा नाही. एका तारखेचं भाडं दोनदा मिळणार नाही, इतकंच.

दिवस कुठून मोजायचे हेही लिहा. फोनवर सांगितलं तो दिवस की पत्र पोचलं तो? 'व्हॉट्सॲप किंवा ईमेलने कळवलेली तारीख धरली जाईल' एवढी ओळ पुरते.

उलट बाजू बहुतेक करारांत अर्धीच असते. मालकाने तारीख नाकारली तर 'भरलेली रक्कम परत केली जाईल', बस्स. तोवर पत्रिका वाटून झालेल्या असतात, मुंबईहून बस ठरलेली असते, आणि दुसरा हॉल मिळाला तर महाग मिळतो. कलम ७३ प्रमाणे करार मोडल्याने सहज उद्भवणारं नुकसान मागता येतं, पण ते करारातच लिहिलेलं असलं की वाद छोटा होतो : 'व्यवस्थापनाने रद्द केल्यास संपूर्ण रक्कम सात दिवसांत परत, आणि तुल्य हॉलच्या भाड्यातील फरक व्यवस्थापन देईल.'

सुतक, वादळ आणि सरकारी आदेश

लग्न मोडण्यापेक्षा पुढे ढकलण्याची वेळ जास्त वेळा येते. भावकीत कोणी गेलं, सुतक आलं, तर ठरलेल्या दिवशी अक्षता पडत नाहीत. करारात 'रद्द' आणि 'तारीख बदल' यांना एकच कलम असेल तर सुतकातल्या कुटुंबाला पूर्ण कपात बसते, जरी ते दोन महिन्यांनी त्याच हॉलमध्ये लग्न करणार असलं तरी. इथे वेगळं कलम हवं : जवळच्या नात्यातल्या मृत्यूमुळे एकदा तारीख बदलता येईल, भरलेली रक्कम बारा महिन्यांपर्यंत ग्राह्य राहील, नवी तारीख जास्त मागणीची असल्यास भाड्यातला फरक द्यावा लागेल. 'जवळचं नातं' म्हणजे कोण तेही लिहा, कारण भावकीची व्याप्ती आपल्याला माहीत असते, व्यवस्थापकाला नसते.

मग येतं ते नैसर्गिक आपत्तीचं कलम. मालवण किनाऱ्याला ते शोभेचं नाही. १६ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ या किनाऱ्याजवळून गेलं. झाडं आणि विजेचे खांब पडले, अनेक गावं काही दिवस अंधारात राहिली. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २५ मे रोजीच देवगडपर्यंत पोचला, नेहमीपेक्षा सुमारे दोन आठवडे आधी. मेच्या शेवटच्या आठवड्यातला उघड्या अंगणातला मंडप हा आता भरवशाचा राहिलेला नाही.

कायदा इथे काय म्हणतो? कलम ५६ प्रमाणे करारानंतर ती गोष्ट करणं अशक्य झालं तर करार निष्फळ होतो, आणि कलम ६५ प्रमाणे घेतलेला लाभ परत करावा लागतो. अधिनियमात त्याचं उदाहरणही आहे : गाण्यासाठी हजार रुपये आगाऊ घेतलेला गायक आजारपणामुळे गाऊ शकला नाही, तर आयोजकाचा बुडालेला नफा त्याने द्यायचा नाही, पण हजार रुपये परत करायचे. इंग्लंडमध्ये १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाची मिरवणूक राजाच्या आजारपणामुळे पुढे गेली, तेव्हा मिरवणूक बघायला खिडक्या भाड्याने घेतलेल्यांचे खटले झाले. बाकी भाडं द्यायचं नाही असा निकाल एकाला मिळाला, पण आधीच देय झालेले पैसे सुटले नाहीत असा निकाल दुसऱ्याला मिळाला. भारतीय कायद्यात परतफेडीचा नियम त्याच्या कितीतरी आधी लिहिलेला होता.

अडचण 'अशक्य' या शब्दात आहे. महाराष्ट्र सरकारच्या एप्रिल २०२१ च्या आदेशाने लग्न एकाच हॉलमध्ये, दोन तासांत आणि २५ माणसांत उरकायचं होतं. लग्न अशक्य झालं नव्हतं. चारशे पानांचं लग्न अशक्य झालं होतं. हॉलवाला म्हणू शकत होता की हॉल उघडा आहे, या. कुटुंब म्हणत होतं की आम्ही हा हॉल २५ माणसांसाठी घेतला नव्हता. दोघांच्या म्हणण्यात तथ्य होतं आणि कागद गप्प होता.

म्हणून या कलमात घटना आणि परिणाम दोन्ही लिहावेत. सरकारी आदेशाने पाहुण्यांची संख्या ठरलेल्या संख्येच्या निम्म्याखाली आली, किंवा हवामान खात्याने जिल्ह्याला त्या दिवसासाठी रेड अलर्ट दिला, किंवा हॉलपर्यंतचा रस्ता बंद झाला, तर तारीख विनाशुल्क बदलेल. तारीख नको असेल तर प्रत्यक्ष झालेला खर्च पावतीसह वजा करून बाकी रक्कम ३० दिवसांत परत. 'व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही' एवढंच लिहिलेलं कलम फक्त जबाबदारी काढून टाकतं. पैशांचं काय होणार ते सांगत नाही.

किनाऱ्यावर, तारकर्ली-देवबागच्या वाळूत मंडप घालायचा असेल तर आणखी एक ओळ. भरतीरेषेजवळची जमीन किनारा नियमन क्षेत्रात येते आणि तिथे परवानग्या लागतात. परवानगी कोण काढणार, कोणत्या तारखेपर्यंत, आणि नाकारली तर पूर्ण पैसे परत का, हे आधी ठरवावं.

'सर्व सोयींसह' म्हणजे नेमकं काय

पॅकेजच्या यादीत 'हॉल, जेवण, सजावट, जनरेटर, पाणी, पार्किंग' असं लिहिलेलं असतं आणि यादी भरगच्च दिसते. वाचताना प्रत्येक शब्दापुढे किती, केव्हापासून केव्हापर्यंत, आणि त्याहून जास्त लागलं तर दर काय, हे तीन प्रश्न ठेवायचे. उत्तर कागदावर नसेल तर ती सोय तुमच्या हिशेबात धरू नका.

वेळ आधी बघा. 'एक दिवस' म्हणजे सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, की चोवीस तास? मुहूर्त दुपारी बाराचा असेल तर सजावटवाल्याला आदल्या रात्री हॉल हवा. आदल्या संध्याकाळी तिथे दुसऱ्याचा स्वागत समारंभ असेल तर तुमची फुलं मध्यरात्रीनंतर चढू लागतील. हळद हॉलवरच करायची असेल तर ती संध्याकाळ कोणत्या भाड्यात आहे हे विचारा. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवायला ध्वनिप्रदूषण नियमांनी बंदी आहे. कागदावर अंगणात बारापर्यंत डीजे लिहिला असेल तर शेवटच्या दोन तासांचे पैसे देऊ नका.

जेवणात सर्वांत जास्त पैसे 'किमान ताटं' या अटीत जातात. ४०० ची हमी दिली आणि ३२० माणसं जेवली, तरी ८० ताटांचे, ३५० च्या दराने, २८,००० रुपये द्यावे लागतात. चाकरमान्यांच्या लग्नात हा आकडा चुकतोच, कारण कोण गाडी मिळवून येईल ते शेवटच्या आठवड्यात कळतं. म्हणून हमी साडेतीनशेची ठेवा, पक्का आकडा पाच दिवस आधी द्यायची मुभा घ्या, आणि वाढीव ताटाचा दर हमीच्या दराइतकाच ठेवा. मोजणी कशी होणार तेही ठरवा : बुफेत दोन्ही पक्षांची माणसं मिळून सुरुवातीला आणि शेवटी ताटं मोजतात, पंगतीत प्रत्येक पंगतीची पानं लिहितात. वाजंत्री, ड्रायव्हर, फोटोग्राफरची माणसं त्या आकड्यात आहेत की नाहीत, हे आधी बोलून घ्या.

पदार्थांची नावं पूर्ण हवीत. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, डाळ-भात, भजी, जिलेबी, सोलकढी असं लिहिलं की वाद होत नाही. हळदीच्या रात्री मासे असतील तर 'फिश फ्राय' एवढं लिहू नका. सुरमई की बांगडा, किती तुकडे, आणि त्या दिवशी सुरमई मिळाली नाही तर काय, हे लिहा. बाजारात बांगडा आणि सुरमई यांच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि जूनपासून पावसाळी मासेमारी बंदी लागली की ताजा मासा मिळणंच अवघड होतं.

जनरेटरचं कलम मेमध्ये हमखास कामाला येतं. वळवाचा पाऊस आला की लाइन जाते. 'जनरेटर बॅकअप' म्हणजे फक्त दिवे-पंखे, की एसी आणि स्वयंपाकघरसुद्धा? डिझेल कोणाचं? 'जनरेटर उपलब्ध, डिझेल ग्राहकाचे' असं बारीक अक्षरात असू शकतं. हॉल बघायला गेलात की जनरेटर चालू करून दाखवायला सांगा आणि तेव्हा काय काय पेटतं ते बघा. वीज वेगळी लावणार असतील तर हॉल ताब्यात घेताना आणि सोडताना मीटरचा फोटो घ्या. पाण्याचंही तसंच : किनाऱ्यालगतच्या काही विहिरींना मेमध्ये मचूळ पाणी लागतं, मग टँकर येतो. टँकरचे पैसे भाड्यात आहेत का?

कराची ओळ शेवटची. नुसत्या हॉलभाड्यावर १८ टक्के जीएसटी आहे, ९०,००० वर तो १६,२०० होतो. दर 'कर धरून' आहे की 'कर वेगळा' ते लिहून घ्या. जीएसटी क्रमांक नसलेल्याला हा कर तुमच्याकडून घेताच येत नाही.

या सगळ्या प्रश्नांना इथे मिळणारं नेहमीचं उत्तर मायेचं असतं : "ता आमी बगतव, तुमी काळजी करू नकात." बहुतेक माणसं ते मनापासूनच म्हणतात. पण लेखी कराराच्या विरुद्ध जाणारं तोंडी बोलणं पुराव्यात सहसा टिकत नाही, आणि मेमध्ये तो माणूस तिथे असेलच असंही नाही. म्हणून घरी आल्यावर त्याच दिवशी एक संदेश पाठवा : 'आज बोलणं झाल्याप्रमाणे डिझेल हॉलकडून, हळदीची संध्याकाळ भाड्यात धरलेली. बरोबर आहे ना?' समोरून 'होय' आलं की ते करारासोबत ठेवा.

वाद झालाच तर

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ ने 'अन्याय्य करार' ही कल्पना आणली. नुकसानाशी प्रमाण नसलेला दंड, अवाजवी डिपॉझिट, किंवा एकाच बाजूला योग्य कारणाशिवाय करार मोडण्याचा हक्क, हे त्यात येतं. मात्र कलमच अन्याय्य ठरवून घ्यायचं असेल तर तक्रार राज्य आयोगाकडे जाते. सेवेत कसूर झाली, पैसे अडकले, यासाठी जिल्हा आयोग पुरतो. सिंधुदुर्गचा आयोग ओरोसला, सिंधुदुर्गनगरीत आहे, पण तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथेही तक्रार करता येते. डोंबिवलीच्या कुटुंबाला त्यासाठी कोकणात येण्याची गरज नाही. ठाण्याच्या आयोगाकडे जाता येतं. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षांची आहे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून बघावी.

तरीही निकालाला महिने लागतात, आणि लग्नाच्या दिवशी पंखा बंद पडला तर आयोग धावून येत नाही. त्या दिवशी उपयोगी पडते ती अजून न दिलेली रक्कम. म्हणून हप्ते कामाशी बांधा : बुकिंगला इसार आणि भाड्याचा काही भाग, पक्का आकडा देताना जेवणाचे निम्मे, आदल्या दिवशी सजावट उभी राहिल्यावर तिचे, आणि एकूण रकमेचा पाव हिस्सा कार्यक्रम संपून ताटांची, मीटरची, मोडतोडीची नोंद दोघांनी सही करून झाल्यावर. 'संपूर्ण रक्कम आठ दिवस आधी' ही अट करारात असेल, तर बाकी कलमांवर भांडण्याआधी ती बदलून घ्या. नमुन्यातल्या कुटुंबाच्या हाती त्या दिवशी ७२,५०० रुपये उरतील, आणि जनरेटर चालू करायला तेवढे पुरतात.